एसी लावला की बटण पडतं: एमसीबी मोठी करण्याआधी तार मोजा

दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून मला एकाच तक्रारीचे फोन येतात. वर्षभर नीट चाललेल्या घरात एसी सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारं बटण, पडते. बटण वर केलं की पुन्हा चालतं, पुन्हा पडतं. मग कुणीतरी 16 अँपिअरची काढून 25 ची बसवतं, तीही पडली की 32 ची. बटण पडायचं थांबतं आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. खरा धोका तिथूनच सुरू होतो. परभणीतल्या ज्या घराची हकिगत खाली सांगतो, तिथे नेमकं हेच झालं होतं.

घर एका निवृत्त गुरुजींचं, तळमजला आणि वर दोन खोल्या. डीबी, म्हणजे सगळ्या एमसीबी बसवलेला डबा, जिन्याखाली. वरच्या एका खोलीत मागच्या वर्षी दीड टनाचा एसी बसवला. गुरुजी फोनवर म्हणाले, "आता बटण पडत नाही, पण संध्याकाळी बोर्डापाशी जळका वास यायलाय." मी त्यांना मेन बंद करून ठेवायला सांगितलं आणि गेलो.

डीबी उघडली. वरच्या खोल्यांच्या सर्किटला नवी कोरी 32 ची एमसीबी. तिच्या टर्मिनलमधून निघालेल्या लाल वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी पडलेलं, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखं कडक. नखाने दाबलं तर तडा गेला. हीच वायर पुढे स्लॅबमधल्या पाइपातून वर गेलेली. डोळ्यांना दिसतं ते बोटभर. पाइपातली अठरा मीटर कशी आहे ते कुणालाच दिसत नाही.

दुरुस्तीचा पहिला प्रश्न एमसीबी किती अँपिअरची हा नसून तार किती जाडीची हा आहे. नव्या वायरवर जाडी छापलेली असते. जुन्या घरात छपाई पुसलेली असते, तेव्हा टोक सोलून आतले तांब्याचे पदर मोजायचे. 0.3 मिलिमीटर जाडीचे 22 पदर असतील तर ती दीड चौरस मिलिमीटरची, दुकानात जिला आपण दीडची वायर म्हणतो. 36 पदर म्हणजे अडीचची, 56 पदर म्हणजे चारची. काही कंपन्या अधिक बारीक पदर वापरतात, त्यामुळे पदराची जाडीही पाहायला हवी, नाहीतर नुसत्या संख्येवरून फसगत होते. गुरुजींच्या वायरीत 22 पदर निघाले. दीडची तार आणि तिच्या डोक्यावर 32 ची एमसीबी.

एमसीबी उपकरणाला वाचवायला बसवतात असा समज फार पसरलेला आहे. ती भिंतीतल्या तारेला वाचवायला असते. तारेला जेवढा करंट सोसतो त्याच्या आतच एमसीबीचा आकडा हवा, आणि सर्किटवर एका वेळी येणारा लोड एमसीबीच्या आत हवा. सगळं गणित या एका ओळीत बसतं:

```
एका वेळचा लोड ≤ एमसीबीचा आकडा ≤ तारेची क्षमता
```

या ओळीत कुठेही उलटापालट झाली की एकतर बटण पडत राहतं, नाहीतर तार भाजत राहते. बटण पडणं म्हणजे डावीकडची बाजू बिघडली, लोड जास्त झाला. आकडा वाढवून आपण ती बाजू सावरतो आणि उजवी बाजू मोडतो.

आता तारेची क्षमता. पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर पाइपातून नेली, भोवतालचं तापमान 40 अंश धरलं, तर मी हे आकडे वापरतो: दीडच्या वायरीला 13 अँपिअर, अडीचला 18, चारला 24, सहाला 31 आणि दहाला 42. वायर मोकळ्या हवेत भिंतीवर असेल तर कंपनीच्या तक्त्यात यापेक्षा मोठे आकडे दिसतील. दुकानदार बहुतेक वेळा तेच मोठे आकडे सांगतो. पण आपल्या घरात वायर पाइपात असते, म्हणून पाइपाचाच रकाना पाहा.

इथे आपल्या भागाचा हिशोब वेगळा पडतो. साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 अंश आहे. भोवती 40 असेल तर तार तापायला 30 अंशांची जागा उरते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-44 ला जातो आणि उन्हातल्या स्लॅबमधला पाइप त्याहून तापतो. मी तिथे 50 धरतो. मग तापायला जागा उरली फक्त 20 अंशांची. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून करंट दोन-तृतीयांश करावा लागत नाही. 20 भागिले 30 चं वर्गमूळ काढलं की 0.82 येतं. म्हणजे स्लॅबमधल्या वायरीच्या प्रत्येक आकड्याला 0.82 ने गुणायचं. दीडची वायर 13 वरून साडेदहावर येते, अडीचची 18 वरून पावणेपंधरावर, चारची 24 वरून साडेएकोणीसवर. तळमजल्यावरच्या भिंतीतल्या, सावलीतल्या पाइपाला ही कपात लावायची गरज नाही.

तारेचा निकाल लागला, आता लोड. उपकरणाच्या पाटीवरचे वॅट घ्यायचे आणि व्होल्टने भागायचे. पुस्तकात 230 ने भागतात. मी एसी आणि मोटारीसाठी 200 ने भागतो, कारण उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी-कूलर चालू असताना आमच्याकडे व्होल्टेज तेवढंच मिळतं. इन्व्हर्टर एसीला ठरलेलं काम करायचंच असतं, व्होल्टेज कमी झालं की तो जास्त करंट ओढतो. 1700 वॅटचा एसी 230 व्होल्टवर साडेसात अँपिअरच्या आत राहतो आणि 200 वर साडेआठला पोचतो. इस्त्री किंवा गीझरचं उलट असतं. ती नुसती तापणारी तार आहे, व्होल्टेज पडलं की करंटही पडतो आणि तापायला वेळ लागतो. दुपारी न पडणारं बटण संध्याकाळी सातला का पडतं, याचं अर्धं उत्तर यात आहे.

मोटार असलेल्या उपकरणात आणखी एक गोष्ट आहे. एक एचपीच्या घरघंटीवर लोक 746 वॅट धरतात. ते मोटारीच्या दांड्यावर मिळणारं काम. लाइनमधून ती त्याहून बरंच जास्त घेते, साधारण 1100 वॅट, आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा, धरला की करंट आणखी वाढतो. म्हणून मोटारीचा करंट पाटीवर छापलेला असेल तर तोच घ्या. नसेल तर तारेभोवती धरून करंट दाखवणारं क्लॅम्प मीटर लावून मोजा.

गुरुजींच्या घरी मी मोजलाच. जळका भाग कापून तात्पुरती जोडणी केली, प्रत्येक उपकरण मिनिटभरच चालवलं. व्होल्टेज होतं 202. एसी 8.4 अँपिअर, घरघंटी धान्य टाकल्यावर 6.2, इस्त्री 3.8, आणि कूलर, पंखे, टीव्ही मिळून 2.1. बेरीज 20.5. मी वहिनींना विचारलं, घरघंटी वर का ठेवली? म्हणाल्या, "खाली सगळीकडं पीठ उडतं म्हणून वर नेली. संध्याकाळी दळण टाकायचं आणि तिथंच इस्त्री करून घ्यायची." म्हणजे एसीसकट सगळं एकाच वेळी, एकाच दीडच्या तारेवर.

आता मागे जाऊन पाहा, प्रत्येक वेळी काय घडत होतं ते. एमसीबीचा आकडा 30 अंश तापमानाला ठरवलेला असतो. जिन्याखालच्या बंद डब्यात, शेजारच्या एमसीबींच्या उष्णतेत 50 अंश झाले तर 16 ची एमसीबी साधारण 14-साडेचौदाची असल्यासारखी वागते. तिच्यातून साडेवीस अँपिअर गेले तर ती लगेच पडत नाही. आतली पट्टी हळूहळू तापून वाकते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बटण पडतं. गुरुजींची तक्रार अक्षरशः हीच होती. एमसीबी बिचारी आपलं काम चोख करत होती.

मग 32 आली. प्रमाणानुसार एमसीबी तिच्या आकड्याच्या 1.13 पट करंटवर तासभर पडताच कामा नये, आणि 1.45 पटीला तासाभरात पडायलाच हवी. 32 च्या 1.13 पट म्हणजे 36 अँपिअर. साडेदहा अँपिअर सोसणाऱ्या तारेतून 36 गेले तरी ही एमसीबी तासभर गप्प राहणार. साडेवीस तर तिच्या गणतीतच नाहीत. आणि दीडच्या तारेत 13 च्या जागी साडेवीस गेले की उष्णता जवळजवळ अडीच पट होते. बोर्डापाशी येणारा वास त्या उष्णतेचा होता.

एक गोष्ट इथेच कबूल करायला हवी. मूळची 16 ची एमसीबीसुद्धा दीडच्या तारेवर चूकच होती. घर बांधताना दिवे-पंख्यांपुरतं सर्किट होतं, लोड दोन-तीन अँपिअरच्या पुढे जात नव्हता, म्हणून ती चूक कित्येक वर्षं झाकली गेली. जुन्या घरांत मला हे वारंवार दिसतं. एसीने चूक केली नाही, ती उघडी पाडली.

दुरुस्तीला लागण्याआधी बटण कसं पडतं ते नीट बघावं लागतं, कारण सगळीच बटणं लोडमुळे पडत नाहीत. चालू करताक्षणी टप्पकन पडलं तर शॉर्ट सर्किट शोधा. तिथे लोडची बेरीज करून उपयोग नाही. रुंद, टेस्ट बटण असलेली आरसीसीबी पडत असेल तर कुठेतरी करंट अर्थिंगकडे गळतोय. कूलरची ओली मोटार आणि गीझरची कॉइल आधी तपासा. आरसीसीबी ओव्हरलोडपासून तारेला वाचवत नाही, ती माणसाला वाचवते. आणि क्लॅम्पवर लोड आकड्याच्या बराच खाली असूनही काही वेळाने बटण पडत असेल, तर एमसीबीचा स्क्रू ढिला आहे का ते पाहा. ढिल्या जोडात तयार झालेली उष्णता एमसीबीला करंटसारखीच वाटते. या सगळ्या तपासण्या मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

गुरुजींकडे लोडच जास्त होता, त्यामुळे उपाय सर्किट वेगळं करण्याचा. एसीच्या पाटीवर जास्तीत जास्त करंट 10.5 अँपिअर लिहिलेला होता. त्याला 10 ची एमसीबी अपुरी, म्हणून 16 ची. आता 16 पेक्षा जास्त सोसणारी तार हवी. इथे बहुतेक जण अडीचची ओढतात, कारण तक्त्यात 18 दिसतं. पण तार वरच्या स्लॅबमधून जाणार होती. तिथे अडीचची पावणेपंधरावर येते, म्हणजे 16 च्या खाली. चारची साडेएकोणीस देते. म्हणून चारची घेतली. हाच एसी तळमजल्याच्या खोलीत, सावलीतल्या भिंतीतून गेला असता तर अडीचची चालली असती. "एसीला किती एमएमची वायर?" या प्रश्नाला मी फोनवर उत्तर देत नाही, त्याचं कारण हेच.

तार जाड असण्याचा दुसरा फायदा व्होल्टेजचा. डीबीपासून एसीपर्यंत अठरा मीटर, जाऊन-येऊन 36 मीटर. दीडच्या तारेत साडेवीस अँपिअरवर जवळजवळ दहा व्होल्ट तारेतच मरत होते. आधीच 202, त्यातून दहा गेले. चारच्या तारेत एसीच्या एकट्या करंटवर दीड व्होल्टच्या आसपासच जातात.

नवं सर्किट ओढताना एक चूक फार होते आणि ती कुठल्याही एमसीबीला कळत नाही. कारागीर फेजची नवी जाड तार ओढतो आणि न्यूट्रल जुन्याच बोर्डातून उचलतो, कारण पाइपात जागा नसते. मग फेज दोन वाटांनी येतो पण परतीचा सगळा करंट त्या एकाच दीडच्या न्यूट्रलमधून जातो. एकेरी एमसीबी फक्त फेजवर बसलेली असते, तिला दोन्ही फेज आपापल्या आकड्याच्या आत दिसतात, आणि न्यूट्रल आत भाजत राहतो. ओळखायला सोपं आहे. एसी चालू असताना डीबीमध्ये नव्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम क्लॅम्पच्या तोंडात धरा. शून्य दाखवलं तर परतीचा करंट आपल्याच न्यूट्रलमधून येतोय. आकडा दिसला तर न्यूट्रल कुठेतरी उसना घेतलेला आहे. आम्ही जुना पाइप सोडून बाहेरून नवा पाइप टाकला आणि फेज, न्यूट्रल, अर्थिंग तिन्ही चारच्याच नेल्या. थोडा खर्च वाढला, गुरुजींनी कुरकुर केली नाही.

वरच्या खोल्यांच्या जुन्या सर्किटची खराब झालेली दीडची तार ओढून काढली आणि नवी दीडचीच टाकली, पण एमसीबी 10 ची बसवली. स्लॅबमधली दीडची साडेदहा सोसते, एमसीबी 10 ची, आणि त्यावर इस्त्री, कूलर, पंखे, टीव्ही मिळून सहाच्या आत. तिन्ही आकडे चढत्या क्रमाने बसले. घरघंटी खाली स्वयंपाकघरातल्या पॉवर पॉइंटवर आणायला वहिनींना कसंबसं राजी केलं. तिथे भिंतीतली अडीचची तार आहे, 18 अँपिअरची, वर 16 ची एमसीबी. फ्रिज आणि मिक्सर धरून दहाच्या आसपास लोड होतो. त्यांना एवढंच सांगितलं की दळण चालू असताना त्याच सर्किटवर इंडक्शन शेगडी लावू नका. ती एकटीच आठ-नऊ अँपिअर खाते.

शेवटी मेनचा हिशोब केला. घरातल्या सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवले तर नऊ हजारांच्या पुढे जात होते, म्हणजे 40 अँपिअर. पण सगळं एकदम कधीच चालत नाही. उन्हाळ्यात गीझर बंद असतो, थंडीत एसी. म्हणून मी ऋतूप्रमाणे दोन वेगळ्या बेरजा करतो. उन्हाळ्याची संध्याकाळ: एसी, कूलर, पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज, इस्त्री आणि बोअरची एक एचपी मोटार, मिळून साधारण पाच हजार वॅट. थंडीची सकाळ: गीझर, मोटार, मिक्सर, इस्त्री, फ्रिज, दिवे, तेही पाच हजारांच्या थोडंसं पुढे. कमी व्होल्टेज आणि मोटारींचा पॉवर फॅक्टर धरून 25-26 अँपिअर. त्यावर 32 ची दुहेरी मेन बसते. तिच्यासाठी मीटरपासून डीबीपर्यंत सहाची तार होती, तिची क्षमता 31, एका अँपिअरने कमी. त्या एका अँपिअरसाठी कुणी तार बदलत नाही हे मला माहीत आहे, पण ही तार पत्र्याच्या पडवीवरून उन्हात गेलेली होती, तिथे ती 25 च्या जवळ उतरते. म्हणून दहाची टाकली. उन्हातही ती 34 सोसते.

वीजबिलावर मंजूर भार पाहिला तर एक किलोवॅट. कनेक्शन घेतलं तेव्हाचा. घरात पाच किलोवॅट वापरायचे आणि कागदावर एक, हे मीटर आणि खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरला सोसत नाही. ती वायरही त्या एका किलोवॅटच्या हिशोबानेच ओढलेली असते. भार वाढवण्याचा अर्ज गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी केला.

काम झाल्यावर संध्याकाळी सातला पुन्हा गेलो. एसी, कूलर, इस्त्री वर चालू, खाली दळण. दोन तास बसलो, दर अर्ध्या तासाने क्लॅम्प लावला. एसीवर साडेआठच्या पुढे गेलं नाही, जुन्या सर्किटवर सहाच्या आत. एमसीबीवर बोट ठेवलं तर कोमट, चटका नाही. मग डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला, आणि गुरुजींनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: एसी, चारची तार, 16. वरच्या खोल्या, दीडची तार, 10. स्वयंपाकघर, अडीचची तार, 16. मेन, दहाची तार, 32. खाली लाल शाईने एक ओळ त्यांनी स्वतःहून जोडली: तार बदलल्याशिवाय आकडा बदलू नये.